आजोबांच्या कणगीतले टाक

“मी समाजशास्त्राच्या पदवीसाठी ‘लोक धर्म का बदलतात’ या विषयावर निबंध लिहितो आहे. माझ्या आजोबांनी 1956 मध्ये नागपूरला दीक्षा घेतली. ते म्हणतात, मी माझ्या मनाने घेतली. पुस्तके म्हणतात, ती सामाजिक चळवळ होती. वर्गातला एक मित्र म्हणतो, सवलतींसाठी गेले. आजोबांना खोटे पाडल्याशिवाय निबंध कसा लिहू? दोन आठवडे झोप नाही.”

महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात हा मुलगा आला, तेव्हा त्याच्या वहीत दोन रकाने आखलेले होते, सामाजिक कारणे आणि वैयक्तिक कारणे. आजोबा कोणत्याच रकान्यात नीट बसत नव्हते आणि त्याचा अपराधभाव नेमका तिथून सुरू होत होता. (झोपेचे वेगळे पाहिले, इथे निबंधापुरते लिहितो.)

सवलतींचा मुद्दा आम्ही तारखांनी निकालात काढला. अनुसूचित जातींबाबतच्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. ते 1990 मध्ये मिळाले. म्हणजे ज्यांनी 1956 मध्ये दीक्षा घेतली, त्यांनी केंद्राच्या सवलती मिळवल्या नाहीत, उलट गमावण्याची जोखीम पत्करली. महाराष्ट्राने पुढे राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण नंतर मिळालेली गोष्ट आधीच्या निर्णयाचे कारण ठरत नाही.

चळवळीची बाजू मात्र भक्कम होती आणि ती मांडण्यात आजोबांचा अपमान नव्हता. “हिंदू म्हणून जन्मलो, तरी हिंदू म्हणून मरणार नाही” या आशयाची घोषणा डॉ. आंबेडकरांनी येवल्याला 1935 मध्ये केली आणि प्रत्यक्ष दीक्षा झाली 14 ऑक्टोबर 1956 रोजी. मधल्या एकवीस वर्षांत गावोगाव सभा झाल्या आणि मेलेली ढोरे ओढण्याचे काम अनेकांनी सोडले. महाराष्ट्रात 1951 च्या जनगणनेत बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती, 1961 मध्ये ती सत्तावीस लाखांवर गेली. दहा वर्षांतली ही वाढ केवळ लाखो स्वतंत्र साक्षात्कारांनी समजत नाही. एका विशिष्ट जातीचा एकत्रित अनुभव, नेतृत्व आणि आधीची बांधणी यांनीच ती समजते. तरीही या कारणांनी दीक्षाभूमीवर कोण होते आणि ते तेव्हाच का आले, एवढेच सांगता येते. त्याच वस्तीतला एक घरी का राहिला आणि दुसरा का गेला, हे त्यांतून कळत नाही.

म्हणून मी त्याला सांगितले की, आजोबांना ‘का’ हा प्रश्न विचारूच नकोस. धर्मांतरित माणूस आपले आयुष्य नव्या श्रद्धेच्या प्रकाशात मागे वळून सांगतो. त्यात लबाडी नसते, पण साठ वर्षांनंतरच्या उत्तरात तेव्हाचे कारण आणि नंतर उमगलेला अर्थ मिसळून गेलेले असतात. त्याऐवजी क्रम विचार: कोणाबरोबर गेलात, आदल्या रात्री कुठे होतात, परत आल्यावर घरात काय बदलले, आणि काय बदलले नाही.

पुढच्या भेटीत तो दोन पाने भरून आला. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि मामाबरोबर गेले होते. पांढरे धोतर मामाचेच होते, कमरेला दोनदा खोचावे लागले. बावीस प्रतिज्ञा त्यांनी गर्दीत मोठ्याने म्हटल्या, पण अर्थ त्यांना पुढे रात्रशाळेत कळला. घरी आल्यावर त्यांनी देव्हारा रिकामा केला. त्यांच्या आईने मात्र खंडोबाचा आणि देवीचा टाक ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवला आणि दोन वर्षे कोणाला कळू दिला नाही. थोरल्या मुलीचे लग्न बौद्ध पद्धतीने ठरले, सोयरे सगळे तिकडचेच झाले, तेव्हा त्या माउलीने स्वतः जाऊन दोन्ही टाक नदीत सोडले.

इथे मुलगा थांबला आणि म्हणाला, “सर, मग पणजीने धर्म बदलला कधी?”

निबंधाचा खरा प्रश्न हाच होता. जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलेल्या धर्मांतराच्या प्रतिमानात नव्या गटातली जवळची नाती आणि गटाबाहेरची सैल होत गेलेली नाती यांना मोठे स्थान आहे. पणजीला ते जवळजवळ तंतोतंत लागू पडते, कारण तिला विचार पटण्याआधी सोयरीक बदलली. आजोबांना ते अर्धेच लागू पडते: मामाने त्यांना नेले हे खरे, पण पुढे रात्रशाळेत जाऊन प्रतिज्ञांचा अर्थ शोधण्याचे काम मामाने सांगितलेले नव्हते. हे प्रतिमान एका लहान नव्या पंथाच्या निरीक्षणातून आले असल्याने संपूर्ण समाज एकाच दिवशी धर्म बदलतो तेव्हा ते अपुरे पडते, हीदेखील निबंधात नोंदवण्याजोगी मर्यादा आहे.

त्याने दोन रकाने खोडले आणि त्यांच्या जागी 1935 पासून 1958 पर्यंतची एक रेघ ओढली. वर चळवळीच्या तारखा लिहिल्या, खाली घरातल्या. 1956 च्या खाली मामाचे धोतर आले आणि अगदी शेवटी, 1958 च्या खाली, टाक.