लिव्ह अँड लायसन्सचा मराठी अनुवाद: भाडेवाढ, डिपॉझिट आणि मुदतीआधी करार संपवणं

प्रश्न: पुण्यातला फ्लॅट आईच्या नावावर आहे. एजंटने ३६ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा इंग्रजीत दिलाय. आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी मराठी करतोय. भाडेवाढ, डिपॉझिट परत करणं आणि करार मधेच संपवणं, या कलमांत नंतर वाद होऊ नये म्हणून अनुवाद कसा करावा?

उत्तर:

मसुदा अजून नोंदवलेला नाही असं धरून लिहितो, कारण तसं असेल तर तुमचं काम बरंच सोपं आहे. भाडेकरारांचे अनुवाद करताना मला पुन्हा पुन्हा दिसतं की संदिग्धता बहुतेक वेळा मूळ इंग्रजीतच असते. एजंटचे मसुदे जुन्या करारांतून उचललेले असतात. अनुवाद करणारा माणूस प्रत्येक शब्दावर थांबतो, त्यामुळे ही संदिग्धता त्याला आधी दिसते, आणि मग तो ती आपल्या मनाने मिटवून टाकतो. ते करू नका. आईने मराठीत एक वाचलं आणि नोंदणी दुसऱ्याच मजकुराची झाली, तर उद्या नोंदणी झालेलाच मजकूर धरला जाणार. जिथे दोन अर्थ निघतात तिथे एजंट आणि भाड्याने येणारं कुटुंब यांना विचारा, इंग्रजी मसुदा दुरुस्त करून घ्या आणि मग मराठी करा.

आधी नावांचं उरकतो. इंग्रजीतले 'लायसन्सॉर' आणि 'लायसन्सी' देवनागरीत इतके सारखे दिसतात की टायपिंगच्या एका चुकीने जबाबदारी या पक्षाकडून त्या पक्षाकडे जाते. 'घरमालक' आणि 'लायसन्सधारक' लिहा. 'भाडेकरू' टाळा. बोलताना आपण सगळे तोच शब्द वापरतो, पण हा करार मुद्दाम भाडेपट्टा नव्हे तर लायसन्स म्हणून केलेला असतो आणि कायद्यात दोघांचे हक्क वेगळे आहेत. रकमेला 'लायसन्स फी (मासिक भाडे)' असं एकदा लिहून पुढे 'मासिक भाडे' चालवलं तरी आईला कळेल.

आता भाडेवाढ. ३६ महिन्यांच्या मसुद्यात 'दर अकरा महिन्यांनंतर ५ टक्के वाढ' अशी ओळ पुष्कळदा सापडते. ती जुन्या अकरा महिन्यांच्या करारातून आलेली असते. अनुवाद करणारा सहज 'दरवर्षी ५ टक्के वाढ' लिहून मोकळा होतो, कारण एजंटने तोंडी तेच सांगितलेलं असतं. समजा भाडं ३०,००० आहे आणि करार १ जून २०२६ ते ३१ मे २०२९ असा आहे. वर्षाने वाढ धरली तर १ जून २०२७ पासून ३१,५०० आणि १ जून २०२८ पासून ३३,०७५, म्हणजे दोनदाच वाढ. अकरा महिन्यांनी धरली तर पहिली वाढ १ मे २०२७ ला, दुसरी १ एप्रिल २०२८ ला, आणि शेवटच्या तीन महिन्यांसाठी १ मार्च २०२९ ला तिसरी. तिसऱ्या वाढीचा आकडा येतो ३४,७२८ रुपये ७५ पैसे, म्हणजे पूर्णांक कसा करायचा हा आणखी एक वाद. तीन वर्षांत एकूण फरक साडेनऊ हजारांच्या वर जातो. तुमच्या मसुद्यात ही ओळ असेल तर आईला नक्की काय हवंय ते विचारा आणि इंग्रजीतही तेच येऊ द्या.

दुसरा प्रश्न, ५ टक्के कशावर? मूळ भाड्यावर धरले तर तिसऱ्या वर्षी ३३,०००, आदल्या वर्षीच्या भाड्यावर धरले तर ३३,०७५. रक्कम छोटी आहे, पण महिन्याला ७५ रुपयांवरून माणसं वर्षभर कुरकुरतात. शब्दांत कितीही नेमकेपणा आणला तरी टक्केवारीला फाटे फुटतातच. म्हणून मी टक्के काढून टाकायला सांगतो आणि थेट तारखा आणि रुपये लिहितो:

'१ जून २०२६ ते ३१ मे २०२७: दरमहा रुपये ३०,०००. १ जून २०२७ ते ३१ मे २०२८: दरमहा रुपये ३१,५००. १ जून २०२८ ते ३१ मे २०२९: दरमहा रुपये ३३,०७५. सोसायटीचा मासिक मेंटेनन्स या रकमांत धरलेला आहे.'

शेवटचं वाक्य विसरू नका. मेंटेनन्स वेगळा असेल तर तो कोण भरणार आणि त्याला वाढ लागू आहे का, हे तिथेच लिहा.

डिपॉझिटच्या कलमात गडबड क्रमाची असते. इंग्रजी मसुद्यात साधारण असं असतं की जागा रिकामी केल्यावर, थकबाकी आणि नुकसान वजा करून, डिपॉझिट बिनव्याजी परत केलं जाईल. मराठीत 'जागा सोडल्यावर परत केले जाईल' असं लिहिलं की तीन गोष्टी अधांतरी राहतात. परत कोण करणार, जागा 'सोडली' म्हणजे सामान हलवलं की चाव्या दिल्या, आणि 'ल्यावर' म्हणजे त्याच क्षणी की महिन्याने. कर्मणी प्रयोगात करणारा गायब होतो, म्हणून या कलमात कर्तरी वाक्यं लिहा. 'घरमालक परत करील' असं लिहिलं की कर्ता तरी ठरला.

चाव्या आधी की पैसे आधी, हा क्रम घरमालकाच्या बाजूनेही महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपल्यावर लायसन्सधारकाने ताबा दिला नाही, तर लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई त्याच्यावर बसते. डिपॉझिट मिळेपर्यंत चाव्या देणार नाही असं म्हणणाऱ्या माणसावर हीच दुप्पट भरपाई येते की नाही, हा वाद करारातल्या त्या एका 'ल्यावर'वर उभा राहतो. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या असं स्पष्ट लिहा. डिपॉझिट १ लाख असेल तर मी साधारण असं लिहीन:

'लायसन्सधारक घर रिकामे करून सर्व चाव्या घरमालकाला देईल आणि घरमालक त्याच वेळी रुपये १,००,००० मधून खाली लिहिलेल्या रकमाच वजा करून उरलेली रक्कम लायसन्सधारकाच्या बँक खात्यात जमा करील. वजा करता येतील अशा रकमा: (अ) थकलेले मासिक भाडे, (आ) ताबा देण्याच्या दिवशीच्या मीटर रीडिंगपर्यंतचे वीजबिल, (इ) परिशिष्टातील वस्तूंचे नुकसान. रोजच्या वापराने होणारी झीज हे नुकसान नाही आणि त्यासाठी काहीही वजा करता येणार नाही.'

झीजेचं वाक्य वेगळं का तोडलं ते सांगतो. इंग्रजी मसुद्यात 'नेहमीची झीज वगळता' हा तुकडा एका लांबलचक वाक्याच्या शेवटी लटकलेला असतो. मराठीत 'झीज सोडून नुकसानीची रक्कम कापता येईल' असं केलं की कुणी म्हणतं झीज माफ, कुणी म्हणतं झीज धरलेलीच आहे, वरचं नुकसान निराळं. रंगाचा खर्च आईला घ्यायचा असेल तर तो 'नुकसान' या शब्दात लपवू नका. रुपयांत लिहून चौथी बाब करा आणि समोरच्याला ती आधी दिसू द्या. वीजबिलाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट: महावितरणचं शेवटचं बिल चाव्या दिल्यानंतर येतं. त्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो दोघांनी ठेवायचा आणि बिल येईपर्यंत दोन-तीन हजार रोखून ठेवायचे असं ठरलं असेल, तर तो आकडा आणि तो परत करण्याची तारीखही कलमात आली पाहिजे.

करार मुदतीआधी संपवण्याच्या कलमात मराठीचा शब्दक्रम दगा देतो. 'सहा महिन्यांच्या लॉक-इननंतर एक महिन्याची नोटीस देऊन कोणताही पक्ष करार संपवू शकेल.' यातलं 'नंतर' नोटीस देण्याला लागतं की करार संपण्याला? वरच्या तारखा घ्या. लॉक-इन, म्हणजे करार संपवता न येण्याचा सुरुवातीचा काळ, ३० नोव्हेंबर २०२६ ला संपतो. एका अर्थाने ३१ ऑक्टोबरला नोटीस देऊन ३० नोव्हेंबरला घर सोडता येतं. दुसऱ्या अर्थाने नोटीसच १ डिसेंबरच्या आधी देता येत नाही, म्हणजे सुटका ३१ डिसेंबरला. मधल्या महिन्याचे ३०,००० कुणी भरायचे? इंग्रजीतही हे वाक्य बहुधा तितकंच मोघम असतं, म्हणून आधी तिथे निर्णय घ्या. पहिला अर्थ हवा असेल तर:

'हा करार ३० नोव्हेंबर २०२६ च्या आधी कोणत्याही पक्षाला संपवता येणार नाही. लॉक-इन चालू असतानाही नोटीस देता येईल, मात्र त्या नोटिशीने करार ३० नोव्हेंबर २०२६ च्या आधी संपणार नाही. नोटीस लेखी असावी आणि ती समोरच्या पक्षाला मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ३० दिवस मोजावेत.'

'एक महिना' ऐवजी '३० दिवस' मुद्दाम लिहिलंय. ३१ जानेवारीपासूनचा एक महिना कधी संपतो यावर भांडायची हौस असलेली माणसं असतात. मूळ मसुद्यात एक महिना असेल तर हाही बदल दोघांना विचारूनच करा. 'पर्यंत' आलं की 'तो दिवस धरून' असं जोडा.

आणखी दोन शब्द जपून वापरा. 'कोणताही पक्ष' ऐवजी 'दोन्ही पक्ष नोटीस देऊन करार संपवू शकतील' असं लिहिलंत, तर दोघांनी मिळून संपवायचा असाही अर्थ निघतो. आणि 'रद्द करणे' नको. रद्द म्हटलं की करार जणू झालाच नव्हता असं वाटतं, आणि मग आधीच्या महिन्यांच्या थकबाकीचं काय, असा फाटा फुटतो. 'मुदतीआधी संपवणे' पुरेसं आहे.

मसुदा झाल्यावर इंग्रजी न पाहिलेल्या कुणाला तरी फक्त मराठी द्या आणि तारखा नि रुपये विचारा. ऑगस्ट २०२८ चं भाडं किती? १० सप्टेंबर २०२६ ला नोटीस मिळाली तर शेवटचा दिवस कोणता? घरात थोडी ओल आली तर डिपॉझिटमधून काय कापायचं? भाड्याने येणाऱ्या कुटुंबाला इंग्रजी मसुद्यावरून हेच विचारा. 'बहुतेक' असं उत्तर आलं तरी ते कलम पुन्हा लिहायचं. या वेळी ओलीवर अडकायला होईल असा माझा अंदाज आहे, कारण ओल म्हणजे नुकसान की झीज हे वरच्या माझ्या मजकुरातही नाही. भिंतीतून येणारी ओल बहुधा इमारतीची असते. ती घरमालकाच्या माथी लिहून टाका.

मराठी प्रतीच्या डोक्यावर 'ही प्रत माहितीसाठी. नोंदणी झालेला इंग्रजी मजकूर ग्राह्य' असं छापा. किंवा सरळ मराठी मजकूरच नोंदवा, मग अनुवादाची गरज त्या कुटुंबाला लागेल, आईला नाही. नोंदणी मात्र टाळू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तसा नोंदवलेला करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. नोंदणी आधीच झालेली असेल तर मराठी प्रतीत दुरुस्ती करून काही होणार नाही. दोघांच्या सह्यांचं चूक दुरुस्ती पत्र करून तेही नोंदवावं लागेल, आणि त्याचा मजकूर एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला.