‘उद्या येतो म्हणाले’ : येणार कोण आणि म्हणाले कोण?

प्रश्न : काकांची वाट पाहत असताना बहिणीने घरी चिठ्ठी लिहून ठेवली : ‘फोन केला होता. उद्या येतो म्हणाले. चावी शेजारी ठेवली आहे.’ ती वाचून आमच्यात तीन मते झाली. एकवचनी ‘येतो’ आणि अनेकवचनी ‘म्हणाले’ एकाच वाक्यात चालतात का? क्रियापदावरून कर्ता कळतो असे शाळेत शिकलो होतो. मग येथे तो का कळत नाही?

उत्तर :

वाक्य शुद्ध आहे आणि त्यात वचनाचा गोंधळ नाही. ‘येतो’ आणि ‘म्हणाले’ ही दोन क्रियापदे दोन वेगवेगळ्या तोंडांतून आलेली आहेत. मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण बहुधा ते त्याच्याच शब्दांत ठेवतो. काका स्वतःविषयी बोलताना ‘मी येतो’ असेच म्हणणार, कारण स्वतःला आदरार्थी अनेकवचन कोणी लावत नाही. त्यांच्याविषयी सांगणारी बहीण मात्र आदराने ‘म्हणाले’ लिहिणार. म्हणून ‘उद्या येतो’ हे काकांचे शब्द, ‘म्हणाले’ हा बहिणीचा, आणि दोघांचीही वचने आपापल्या जागी बरोबर आहेत. अर्थात हा झाला सर्वांत स्वाभाविक अर्थ. तो एकच अर्थ नाही, आणि तुमच्या घरातील मतभेदाचे मूळ तेथेच आहे.

क्रियापदावरून कर्ता कळतो हे विधान अर्धेच खरे आहे. किती कळतो हे काळावर अवलंबून असते, आणि ते तपासण्याची सोपी रीत म्हणजे क्रियापदापुढे एकेक सर्वनाम ठेवून कोणकोण बसते ते पाहणे. ‘येतो’पुढे ‘मी’ बसतो (बोलणारा पुरुष असेल तर), ‘तो’ बसतो, ‘आम्ही’ बसते आणि ‘आपण’ही बसते. त्यातील ‘आम्ही’ला लिंगाचे बंधन नाही, चार बायकाही ‘आम्ही येतो’ असेच म्हणतात. म्हणजे या एका रूपावर चार कर्ते हक्क सांगतात. ‘येते’चेही तसेच आहे : मी (स्त्री), ती आणि नपुंसकलिंगी ते. भविष्यकाळात चित्र नेमके उलटते. ‘येईन’ म्हणजे मी, ‘येऊ’ म्हणजे आम्ही किंवा आपण, ‘येईल’ म्हणजे तिसरे कोणी एक, ‘येतील’ म्हणजे तिसरे अनेक किंवा आदरणीय. येथे लिंग पार पुसले जाते, पण पुरुष स्पष्ट राहतो. वर्तमानकाळ एकवचनात लिंग जपतो आणि प्रथम व तृतीय पुरुषांची सरमिसळ करतो. भविष्यकाळ पुरुष जपतो आणि लिंग सोडून देतो. आपण मात्र उद्याच्या गोष्टीसाठीही सर्रास ‘येतो’ म्हणतो, आणि त्यामुळे भविष्यकाळाने दिलेली सोय आपणच हातची घालवतो.

आता ‘म्हणाले’. याच्यापुढे ‘ते’ बसते. मग ते अनेक पुरुष असोत, स्त्रीपुरुषांचा मिश्र गट असो किंवा एकच आदरणीय पुरुष असो. आदरणीय स्त्री मात्र येथे बसत नाही, तिच्यासाठी ‘म्हणाल्या’ लागते. लेखी भाषेत ‘ते मूल म्हणाले’ हेही बसते. आणि सहज नजरेतून निसटणारा आणखी एक कर्ता आहे : मी, बोलणारी स्त्री असेल तर. ‘मी म्हणाले’, ‘मी आले’, ‘मी निघाले’ ही स्त्रीची प्रथमपुरुषी रूपे आणि ‘ते म्हणाले’, ‘ते आले’, ‘ते निघाले’ ही आदरार्थी पुल्लिंगी रूपे लिहिताना आणि उच्चारताना हुबेहूब सारखी आहेत. पुरुष लिहिणारा असता तर ‘म्हणालो’ आणि ‘म्हणाले’ आपोआप वेगळे झाले असते. (काही भागांतील बोलींत स्त्रिया ‘मी आली’, ‘मी गेली’ असे म्हणतात. तेथे हा घोटाळा होत नाही, पण ‘मी’ आणि ‘ती’ एक होतात, म्हणजे घोटाळा फक्त जागा बदलतो.)

चिठ्ठी बहिणीने लिहिलेली आहे हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. तुम्ही तीन मते कोणती ते सांगितलेले नाही, पण व्याकरणाने शक्य असलेले अर्थ पाहू. ‘म्हणाले’चा कर्ता काका धरला, तर ‘येतो’चा कर्ता काका स्वतः, काका आणि त्यांच्याबरोबरची मंडळी (‘आम्ही येतो’), किंवा काकांनी उल्लेखलेला तिसराच कोणी ‘तो’, उदाहरणार्थ त्यांचा मुलगा, असू शकतो. ‘म्हणाले’चा कर्ता बहीण स्वतः धरली, तर एक शक्यता लगेच गळते : ती एकटी येणार असती, तर तिने ‘येते म्हणाले’ असे लिहिले असते. मग उरते ‘आम्ही उद्या येतो, असे मी काकांना म्हणाले’ किंवा ‘तो उद्या येतो, असे मी म्हणाले’. पहिल्या अर्थाने काकांनी तुमच्याकडे यायचे आहे आणि बहिणीच्या ‘आम्ही’ने तुम्हीच काकांकडे जायचे आहे. दोन्ही घरी उद्या कोणीतरी वाट पाहत बसण्याची सोय या तीन शब्दांनी करून ठेवली आहे.

वाचणारे तरीही बहुतेक वेळा पहिल्याच अर्थाकडे वळतात, त्याला कारण आहे. बोलण्याच्या क्रियापदाआधी प्रथमपुरुषी वाटणारे रूप आले आणि दुसरा कर्ता सांगितलेला नसला, की बोलणारा आणि करणारा एकच, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक चांगले चालते, पण ते फक्त गृहीतक आहे. प्रत्ययातून मिळालेली ग्वाही नव्हे. ‘म्हणाले’चा कर्ता काका धरला आणि ‘येतो’ऐवजी ‘येईन म्हणाले’ असते, तर काका स्वतःच येणार हे पक्के झाले असते, ‘येऊ म्हणाले’ असते तर मंडळींसह, ‘येईल म्हणाले’ असते तर दुसरा कोणी, आणि ‘येतील म्हणाले’ असते तर दुसरे कोणी आदरणीय किंवा अनेक.

माझ्या मते मात्र चिठ्ठीतील खरी अडचण पहिल्याच वाक्यात आहे, आणि ते सर्वांत निरुपद्रवी दिसते. ‘फोन केला होता.’ येथे क्रियापद कर्त्याकडे पाहतच नाही. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्मणी प्रयोगात गेले की ते कर्माप्रमाणे चालते : फोन पुल्लिंगी, म्हणून ‘केला’, चौकशी असती तर ‘केली’. करणारी मी असो, आम्ही असू, तो, ती, ते किंवा काका असोत, ‘केला होता’ हे तसेच राहते. कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागले, तर क्रियापद कर्मालाही सोडून नपुंसकलिंगी एकवचनात स्थिरावते (‘मुलांना बोलावले’), पण कर्त्याविषयीचे मौन कायम. अपवाद फक्त द्वितीय पुरुषाचा. ‘तू फोन केला होतास’, ‘तुम्ही फोन केला होतात’ यांत कर्त्याची खूण शेवटी चिकटते. क्रियापद एकाच वेळी कर्म आणि कर्ता दोघांना मानते, म्हणून व्याकरणात याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. पण हल्ली ‘तू फोन केला का?’ असेही सर्रास लिहिले-बोलले जाते, त्यामुळे ‘स’ दिसला नाही म्हणजे कर्ता ‘तू’ नाही, असा उलट निष्कर्ष काढता येत नाही. कोकणातील काही बोलींनी ही उणीव स्वतःपुरती भरून काढलेली आहे. तेथे ‘त्याने आंबा खाल्लान’, ‘फोन केलान’ असे म्हणतात आणि त्या शेवटच्या ‘न’वरून करणारा तिसरा कोणीतरी आहे, हे कर्ता न बोलताही कळते. प्रमाण मराठीने ही सोय घेतली नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

‘म्हणणे’ हे क्रियापद या बाबतीत वेगळे वागते, हे येथे लक्षात घ्यावे. अर्थाने ते सकर्मक असले, तरी भूतकाळात ‘तो म्हणाला, ती म्हणाली, मी म्हणालो’ असे कर्त्याप्रमाणेच चालते. ‘शिकणे’, ‘विसरणे’ यांचेही तसेच. म्हणूनच ‘म्हणाले’वरून आपण निदान चर्चा तरी करू शकलो. बहिणीने त्याच जागी ‘उद्या येतो असे सांगितले’ लिहिले असते, तर ‘सांगितले’ कर्मणी प्रयोगातले असल्यामुळे कोणी सांगितले याचा कोणताही माग उरला नसता. आणि ‘उद्या येणार म्हणे’ लिहिले असते, तर त्याहूनही कमी. ते ‘म्हणे’ आता कोणाचेच क्रियापद राहिलेले नाही. बातमी ऐकीव आहे एवढेच ते सांगते.

मग कर्ता केव्हा लिहावा? प्रत्येक वाक्यात ‘मी’ आणि ‘ते’ कोंबण्याची गरज नाही; तसे लिहिलेले मराठी अवघडलेले वाटते. दोनच ठिकाणी काळजी घेतली की पुष्कळ भागते. पहिली जागा म्हणजे मजकुराचे पहिलेच वाक्य कर्मणी असेल ती, कारण मागे पाहून कर्ता शोधायला तेथे काहीच नसते. दुसरी जागा म्हणजे एका वाक्याकडून दुसऱ्याकडे जाताना कर्ता बदलतो ती. वाचणारा मागचाच कर्ता पुढे ओढत आणतो, त्यामुळे बदल झालेला कोठेतरी दिसलाच पाहिजे. तुमच्या चिठ्ठीत या दोन्ही जागा लागोपाठ आल्या आहेत. ‘मी काकांना फोन केला होता. उद्या येईन, असे ते म्हणाले.’ एवढ्याने दोन्ही दुरुस्त होतात. फोन काकांनीच केला असेल तर ‘काकांचा फोन आला होता’ हे अधिक चांगले, कारण ‘आला’ म्हणताच फोनची दिशा ठरते. त्यानंतर ‘ते’ गाळून ‘उद्या येईन म्हणाले’ एवढेच लिहिले तरी चालते, कारण काका आधीच्या वाक्यात आलेले आहेत आणि बहिणीला स्वतःविषयी ‘म्हणाले’ म्हणायचे असते, तर तिला तेथे ‘मी’ लिहावाच लागला असता.

‘चावी शेजारी ठेवली आहे’ या तिसऱ्या वाक्याला मी हात लावणार नाही. तेही कर्मणीच आहे आणि तेथेही कर्ता बेपत्ता आहे, परंतु वाचणाऱ्याला चावी हवी आहे, ठेवणारा नको. कर्मणी प्रयोगाचे मौन येथे उपयोगाचे आहे. चावी शेजारी सापडली नाही, तर मात्र ती कोणी ठेवली होती हे चिठ्ठीला विचारून उपयोग नाही. बहिणीलाच विचारावे लागेल.