दोन पात्रं, एक पेटी आणि न मागितलेली सही

प्रश्न: दोनच पात्रांची दहा-बारा मिनिटांची शॉर्ट फिल्म करतोय. गावचं घर रत्नागिरीजवळ आहे, तिथेच शूट. भाऊ-बहीण, जमिनीचा विषय, पण भांडण नको, ताण न बोलता दिसायला हवा. संवाद कमी केले तर नुसतं संथ आणि कंटाळवाणं होतंय. काय चुकतंय?

उत्तर:

चूक बहुतेक संवाद कमी करण्यात नाही. काय बोललं जात नाहीये हे प्रेक्षकाला माहीतच नाही, ही खरी अडचण असणार. दोन माणसं गप्प बसलेली आहेत आणि का गप्प आहेत ते बघणाऱ्याला ठाऊक नाही, तर तो ताण नसतो, नुसता वेळ जात असतो. म्हणून गुपित प्रेक्षकापासून लपवू नका. पहिल्या दीड मिनिटात ते त्याला सांगून टाका. फक्त तोंडाने नको, वस्तूने सांगा.

तुमच्याच विषयावर एक उदाहरण रचून दाखवतो. मे महिना, घराची ओटी. दादा पंचावन्नचा, गावात राहून बाग बघणारा. मंगल त्याच्याहून लहान, डोंबिवलीला दिलेली. वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदाच आली आहे आणि चार वाजता तिला स्टेशनवर न्यायला रिक्षा येणार आहे. पानाच्या डब्याखाली प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हक्कसोडपत्राचा मसुदा आहे. दादाला सही हवी आहे, पण तो मागणार नाही. मंगलला ती द्यायची नाही, पण ती नाही म्हणणार नाही. एवढं पक्कं झालं की कथेचं काम झालं. आता दोघांच्या हाताला काम द्यायचं.

इथे कायद्याची एक गोष्ट सांभाळा, कारण कोकणात ती घरोघरी माहीत असते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे, म्हणूनच दादाचं तिच्या सहीवाचून अडलंय. पण हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावं लागतं. ओटीवर बसून केलेल्या सहीने हक्क सुटत नाही. त्यामुळे 'शेवटी डोळ्यांत पाणी आणून ती सही करते' असा शेवट लिहिलात तर अर्धं गाव हसेल. घरात फार तर एवढंच ठरू शकतं की ती त्या कार्यालयात यायला तयार आहे की नाही. नाटकाच्या दृष्टीने हे सोयीचंच आहे, कारण निकाल तुम्हाला दाखवावाच लागत नाही.

काम कोणतं द्यायचं? पेटी भरण्याचं. पुढ्यात उतरवलेल्या हापूसचा ढीग, एक पेटी व्यापाऱ्याची, एक मंगलने मुंबईला न्यायची. मोठं फळ कुठल्या पेटीत जातं, बारीक कुठे जातं, डागी बाजूला कोण काढतं, हे सगळं न बोलता वाचता येतं. दादा मोठी मोठी फळं मंगलच्या पेटीत ठेवतो. मंगल त्यातलं एक उचलून व्यापाऱ्याच्या पेटीत ठेवते आणि स्वतःसाठी बारकं घेते. दादा ते मोठं फळ परत तिच्या पेटीत टाकतो. ती पुन्हा काढते. कोणी काही बोललेलं नाही, पण एक जण किंमत देऊ बघतोय आणि दुसरी ती घेत नाहीये, हे फोल्डर पाहिलेल्या प्रेक्षकाला लख्ख कळतं. फोल्डर पाहिलेलाच नसेल तर त्याला हे बहिणीचं मायेने केलेलं 'नको नको' वाटेल. गंमत अशी की तेही खोटं नसतं, आणि म्हणूनच हे दृश्य चालतं.

संवाद सगळे पेटीबद्दलच ठेवा. मधला तुकडा असा लिहिता येईल:

(दादा पेटीत पेंढा पसरतो. मंगल फळं पुसते.)
मंगल : वहिनी कधी येणार?
दादा : येईल सोमवारी. (मोठं फळ तिच्या पेटीत) पाच डझन बसतील.
मंगल : चार पुरे. (फळ काढून पलीकडे) खाणार कोण एवढे?
दादा : बाबा सहाची पाठवायचे.
(मंगलचं पुसणं थांबतं. हातातल्या फळाचा देठ ती अंगठ्याने मोडते. चीक सालीवर ओघळतो.)
दादा : डागी झाला तो.
मंगल : माझ्यात घाल.

देठ मोडणं उगाच घातलेलं नाही. हापूस उतरवताना थोडा देठ राखतात, कारण तो तुटला की चीक सालीवर ओघळतो, काळा डाग पडतो आणि फळाचा भाव उतरतो. बागायतदाराच्या घरात वाढलेली बाई देठ चुकून मोडत नाही. 'बाबा' या शब्दावर तिने डोळे पुसले असते तर ते कुठल्याही घरात चाललं असतं. देठ मोडणं त्याच घरात चालतं.

पटकथेत '(शांतता)' किंवा '(दोघे गप्प)' असं लिहू नका. प्रत्येक थांब्याला तो कशाने सुरू झाला आणि कशाने संपला हे लिहा. वर 'सहाची पाठवायचे' या शब्दांनी थांबा सुरू होतो आणि दादाने चीक पाहिल्यावर संपतो. ज्या थांब्याची ही दोन टोकं तुम्हाला सांगता येत नाहीत, तो काढून टाका. तुमचा कंटाळा बहुधा अशाच थांब्यांत साठलेला आहे. शिवाय सगळे थांबे सारख्या लांबीचे असले की प्रेक्षक त्यांची लय ओळखतो आणि ताण गळून पडतो. पहिली पाच मिनिटं हात भराभर चालू द्यात, बोलणंही जरा जास्तच असू द्यात. खरा लांब थांबा एकच ठेवा, फोल्डर उघड्यावर येतो तेव्हाचा.

तो उघड्यावर आणायचा कसा? दादाने पान लावायला डबा उचलावा. एवढंच. फोल्डर दिसतो, मंगलला दिसतो, तिला दिसला हे दादाला दिसतं. तो डबा परत त्याच जागी ठेवतो, पण आता फोल्डरचा कोपरा बाहेर राहिलाय. सुरुवातीचा फोल्डरचा शॉट आणि हातांचे शॉट सोडले तर कॅमेरा तोवर लांबच ठेवा: दोघं आणि मधली पेटी एकाच चौकटीत, अंतर दिसेल असं. चेहऱ्याचा जवळचा शॉट इथे पहिल्यांदा वापरा. त्याआधी चेहऱ्यांचे चार क्लोजअप खर्च केलेत तर इथे हाताशी काही उरत नाही.

नटांना 'तू आतून चिडलेला आहेस' असं सांगू नका. मग चिडणं चेहऱ्यावर येतं आणि झाकायला काही राहत नाही. करायला काहीतरी सांगा. दादाला सांगा, 'चार वाजायच्या आत पेटी भरून संपता कामा नये, वेळ काढ.' मंगलला सांगा, 'रिक्षा यायच्या आत पेटी बांधून व्हायलाच हवी.' दोघांचे हात आपोआप एकमेकांच्या आड येतात. तालमीत एकदा सगळं मनातलं मोठ्याने बोलून, अगदी भांडून प्रसंग करून घ्या, आणि लगेच तोच प्रसंग लिहिलेल्या संवादांवर करा. दुसऱ्या वेळी शब्द गेलेले असतात, जोर हातांत राहतो. चिकाने कातडी भाजते, म्हणून नटांनी आधी हाताला खोबरेल लावलेलं बरं आणि हात तोंडाला लावायचा नाही.

शूटिंगमधली मोठी डोकेदुखी म्हणजे पेटीतली फळं. पहिल्या टेकला नऊ फळं होती आणि क्लोजअपमध्ये बारा दिसली, की प्रेक्षकाचं लक्ष दादाकडून आंब्याकडे गेलंच. प्रत्येक टेक संपला की दोन्ही पेट्यांचा वरून फोटो घ्या आणि ज्या तीन-चार फळांची ने-आण होते त्यांच्या खालच्या अंगाला पेनाने बारीक खूण करा. फळ हिरवं, नुकतं उतरवलेलंच घ्या. उन्हाळ्यात ते दिवसागणिक पिवळं व्हायला लागतं, म्हणून पेटीचे सगळे शॉट एका दिवसात उरका.

ओटीवरचा उजेडही त्रास देतो. चिऱ्याच्या भिंती आणि उतरतं छप्पर यामुळे आत काळोख, आणि बाहेरचं खळं उन्हात पांढरंफटक. चेहऱ्यांचा उजेड धरलात की मागचं सगळं जळतं. पाठीमागे खळं येणार नाही असं घराच्या भिंतीकडे तोंड करून कॅमेरा लावा किंवा सकाळी साडेनवाच्या आत आणि ऊन कलल्यावर शूट करा.

आवाजाकडे मात्र चेहऱ्याइतकंच लक्ष द्या. इतके कमी शब्द असलेल्या फिल्ममध्ये पेंढ्याची सळसळ, फळ फळावर ठेवल्याचा बोदा आवाज, डब्याचं झाकण हेच संवाद असतात. ते टेक झाल्यावर माइक जवळ धरून वेगळे घ्या. पंखा बंद ठेवा. घर किनाऱ्याजवळ असेल तर समुद्राची गाज भरती-ओहोटीप्रमाणे कमीजास्त होते आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. सकाळचे आणि दुपारचे शॉट जोडले की गाज मध्येच उडी मारते आणि कात्री कुठे चालली ते ऐकू येतं. म्हणून प्रत्येक सत्रात कोणीही न हलता एक मिनिट नुसत्या जागेचा आवाज रेकॉर्ड करा. जोडाखाली तोच पसरता येतो. पार्श्वसंगीत मी अजिबात घालणार नाही. सतार वाजली की प्रेक्षक हात बघायचं सोडून देतो.

संपादनात बोलणाऱ्यावर कापत बसू नका. 'बाबा सहाची पाठवायचे' हे वाक्य दादाच्या तोंडावर सुरू होऊ द्या आणि 'पाठवायचे' येईपर्यंत चित्र मंगलच्या हातावर गेलेलं असू द्या.

शेवटासाठी माझी सूचना: बाहेर रिक्षाचा हॉर्न, रिक्षावाला दिसत नाही. मंगल पिशवी आणायला आत जाते. दादा फोल्डर तिच्या पेटीत वरच्या पेंढ्याखाली सारतो आणि झाकण ठेवून खिळे, हातोडी घेतो. मंगल दारात उभी, तिने पाहिलंय. ती म्हणते, 'खिळे नको मारूस. दोरीने बांध.' दोरीची पेटी वाटेतही सोडता येते. ती वाचणार आहे, की स्टेशनवर फोल्डर काढून रिक्षावाल्याच्या हाती परत पाठवणार आहे, हे तुम्ही आणि ती नटी मिळून ठरवा आणि दादाचं काम करणाऱ्याला सांगू नका.

कच्चं संपादन झालं की गोष्ट माहीत नसलेल्या दोघा-तिघांना आवाज बंद करून दाखवा आणि एकच विचारा: कोणाला काय हवंय? 'त्याला कसल्यातरी कागदावर सही हवीय' असं उत्तर आलं तर जमलं. 'काहीतरी बिनसलंय' एवढंच आलं, तर मधल्या थांब्यांना हात लावू नका. पहिल्या दीड मिनिटात फोल्डरचा शॉट दोन सेकंदांचा असेल तर तो चार सेकंदांचा करा आणि त्यावरचं 'हक्कसोडपत्र' हे अक्षर वाचता येतंय का ते मोबाइलच्या पडद्यावर तपासा.