मिरवणूक आधी, बोलणं नंतर

"ताई, ओळख होऊन जेमतेम तीन महिने झालेत आणि पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. हॉलसुद्धा बुक झालाय. सगळे खूश आहेत, मलाही तो आवडतो, पण छातीत धडधडतं. हे सगळं फार घाईत होतंय का?"

तिच्यासाठी मी टॅरोच्या तीन पानांची साधी मांडणी केली. पहिलं पान दोघांमधल्या नात्याचं, दुसरं घरच्यांचं आणि समाजाचं, तिसरं येत्या काही आठवड्यांचं. अनुक्रमे पेज ऑफ कप्स, सिक्स ऑफ वाँड्स आणि एट ऑफ वाँड्स आली, तिन्ही सुलटी.

सिक्स पाहून तिचा चेहरा खुलला. पांढऱ्या घोड्यावरचा स्वार, डोक्यावर विजयाचा हार, भोवती काठ्या उंचावलेले लोक. वरातच ती! पण मी तिला विचारलं, "या चित्रात जोडीदार कुठे दिसतो?" घोड्यावर एकटाच माणूस आहे. हे पान कौतुकाचं, चारचौघांतल्या मान्यतेचं. नातं किती मुरलंय, याबद्दल ते काही सांगत नाही. ते तिला पहिल्या पानात शोधायचं होतं. तिथे पेलाभर पाण्यातून डोकावणाऱ्या माशाकडे नवलाने पाहणारा एक पोरगा आहे. भावना खरी, पण नुकतीच उमललेली.

एट ऑफ वाँड्समध्ये माणूसच नाही. आठ काठ्या तिरक्या, जमिनीकडे झेपावताना दिसतात. बरेच जण हे पान आलं की "लग्न लवकर होणार" असं सांगून मोकळे होतात, ते मला पटत नाही. पान वेग सांगतं, निवड योग्य की अयोग्य हे नाही. आणि काठ्या उतरणीला लागल्या आहेत, म्हणजे जे विचारायचं ते आत्ताच विचारायला हवं.

क्रमही बघावा लागतो. एट आधी आणि सिक्स नंतर असतं, तर दोघांमधली ओढ वाढत जाऊन जाहीर होतेय, असं मी वाचलं असतं. इथे उलट होतं. आधी जाहीर झालं आणि त्या कौतुकानेच वेग पकडला. तिची धडधड मुलाबद्दल नव्हती, या क्रमाबद्दल होती.

"असं काय आहे, जे हॉल ठरल्यामुळे विचारायचं राहून गेलं?" मी विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याची बंगळूरला बदली होऊ शकते. माझ्या नोकरीचं काय, हे आम्ही बोललोच नाही."

"लग्न होईल का, यासाठी अजून एक पान काढा ना," असा तिचा आग्रह होता. मी काढलं नाही. ते उत्तर त्या मुलाकडे होतं. घरच्यांना न घेता दोघांनीच भेटायचं आणि नोकरीचा विषय पहिला काढायचा, एवढं ठरवून ती गेली.

भेट झाली. त्यालाही हेच बोलायचं होतं, फक्त मोठ्यांपुढे तोंड उघडत नव्हतं. साखरपुडा दोन महिने पुढे ढकलला. बंगळूरचं अजून ठरायचंय.