सोलोचं बटण सोड

तांबटकाकांच्या बोलण्याखालचं जुनं गाणं काढून नवं संगीत घालायची तुझी क्लिप काल रात्री चारदा ऐकली. मेसेजही परत परत वाचला. ‘आवाज वेगळा केला सर, पण मागे अजून घाण राहिलीये. आणखी किती वेळा चालवू?’ एकदाही नाही. घोळ त्या ‘आणखी’तच आहे, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय. फोनवर तू ‘हो हो’ म्हणतेस आणि पुन्हा तेच करतेस.

आधी एक विचारतो, रागावू नकोस. प्रोजेक्ट एडिटरकडून उडालं, हार्ड डिस्क गेली, हे कळलं. पण शूटिंगचं कार्ड कॅमेरामनकडे होतं ना? त्याला विचारलंस? तांबटकाकांच्या शर्टाला कॉलर माइक दिसतोय, म्हणजे संगीत नसलेला त्यांचा आवाज कधीतरी कुठेतरी होता. तो सापडला तर हे पत्र फाडून टाक. कार्ड पुसून पुढचं लग्न शूट झालं असेल (बहुतेक तसंच झालं असणार), तर पुढे वाच.

तू पहिल्यांदा जे केलंस ते मीही केलं होतं. तेच गाणं डाउनलोड करून, त्याची लहर उलटी करून क्लिपवर ठेवलंस, म्हणजे गाणं गाण्याला खाईल आणि काका उरतील. ढोबळ बेस गेला, पण झांज आणि बासरी तशीच राहिली, उलट जास्त टोचायला लागली. तुला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. चुकलं नाही, ते तसंच होतं. व्हिडिओच्या आवाजात सेकंदाला ४८,००० नमुने असतात. दोन फाइली एका नमुन्याने जरी मागेपुढे झाल्या, तरी १०० हर्ट्झचा खर्ज जवळजवळ पुसला जातो, पण ८,००० हर्ट्झच्या वरचं काहीच पुसलं जात नाही, ते वाढतं. त्यात काका बोलायला लागले की एडिटरने गाणं खाली ओढलंय, गप्प झाले की वर सोडलंय. शिवाय एक्स्पोर्ट करताना आवाज एएसीमध्ये दाबला गेलाय. म्हणजे क्लिपमधलं गाणं आणि तुझ्याकडचं गाणं आता एक राहिलेलं नाही. हा नाद सोड.

गाण्यातून गळा वेगळा काढणारं डेमक्स वापरलंस ते बरोबर. पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलवर नको. ड्राइव्हवरची मूळ फाइल घे आणि एकदाच चालव:

```
ffmpeg -i clip.mp4 -vn -c:a pcm_s16le clip.wav
demucs --two-stems=vocals -n htdemucs_ft clip.wav
```

यातून `vocals.wav` आणि `no_vocals.wav` अशा दोन फाइली येतात. तू पहिली उघडलीस, ती एकटीच ऐकायला सोलो दाबलंस, हेडफोन लावलेस आणि घाबरलीस. मागे पाण्यातून यावी तशी बासरी, दोन वाक्यांच्या मध्ये तबल्याची भुतं. मग तीच फाइल पुन्हा डेमक्सला खाऊ घातलीस, वर नॉइज काढला, वर गेट लावला. आता काका टिनाच्या डब्यातून बोलतात.

सोलोचं बटण सोड. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलीस तरी. ही फाइल कुणीही एकटी ऐकणार नाही. तिच्याखाली नवं संगीत येणार आहे, आणि तुला छळणारी निम्मी घाण त्याच्याखाली गाडली जाणार आहे. आधी नवं संगीत टाक, काकांच्या आवाजाच्या १५ ते १८ डेसिबल खाली ठेव, आणि मग मला सांग काय ऐकू येतं. साध्या स्पीकरवर ऐक.

हे मला उशिरा कळलं. तीन वर्षांपूर्वी एका घरगुती कामात, वारलेल्या गृहस्थांची मुलाखत होती, मागे हार्मोनियम. हार्मोनियमचा सूर माणसाच्या गळ्यासारखा लांबतो, म्हणून तो आवाजाच्या फाइलमध्ये ठाण मांडून बसला. चार रात्री सोलोवर बसून मी तो खरवडून काढला. चकचकीत केलं. त्यांची मुलगी ऐकायला आली, दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, “बाबा असे श्वास न घेता बोलायचे नाहीत.” हार्मोनियमसोबत मी माणसाचा श्वासही काढून टाकला होता, आणि मला पत्ताच नव्हता. आता म्हणशील, मग मूळ फाइलवरून परत का नाही केलं? केलं असतं. पण मुदत दुसऱ्या दिवशीची होती, पैसे ठरलेले होते, आणि खरं सांगायचं तर चार रात्रींचं काम फेकायला हात धजला नाही. त्या काळी सगळेच तसंच करायचे, असंही मी स्वतःला सांगतो. ते पूर्ण खोटं नाही. असो.

तुझ्या क्लिपकडे येऊ. या यंत्राला गाणी ऐकवून शिकवलंय: ड्रम, बेस, गळा आणि उरलेलं सगळं. तांबट आळी त्याला माहीत नाही. त्यामुळे तुझ्याकडे तीन गोष्टी बिघडल्यात. त्यातल्या दोघींचा इलाज वेगवेगळा आहे, तिसरीला इलाजच नाही, आणि ‘आणखी एकदा चालव’ हा एकीचाही नाही.

पहिली म्हणजे खाल्लेली अक्षरं. ‘सहा महिने लागतात हात बसायला’ या वाक्यात ‘सहा’चा ‘स’ गेलाय, ‘आहा महिने’ ऐकू येतं. स, श, फ ही अक्षरं म्हणजे नुसती हवा. झांजेशी त्यांचं नातं काकांच्या गळ्यापेक्षा जवळचं, म्हणून झांजेवर पडलेला ‘स’ झांजेबरोबर गेला. चोरीचा माल कुठे आहे ते `no_vocals.wav`मध्ये ऐक. तिथे काका नसताना त्यांचे स-श कुजबुजताना सापडतील. ते जिथे सापडतील तिथेच, तेवढ्याच जागी, मूळ `clip.wav`चा तुकडा लाव. ‘स’ जेमतेम १०० मिलिसेकंदांचा असतो, दोन्ही टोकांना १० मिलिसेकंदांचा फेड दे. तेवढ्यात जुनी झांज चुटकीभर परत येईल. सोलोवर ती तुला काट्यासारखी बोचेल. नव्या संगीतात कुणाच्या बापाला कळणार नाही.

दुसरी म्हणजे ठोके. आणि हे तुझ्या लक्षात आलं नाही याचं मला वाईट वाटलं. पडद्यावर काकांचा हातोडा तांब्याच्या हंड्यावर पडतोय आणि आवाज शून्य. मठारकामावरची फिल्म आणि मठारणंच मुकं! यंत्राने ठोक्यांना ड्रम समजून तबल्याबरोबर बांधून दिलं. `--two-stems` काढून चालवलंस तर ते `drums.wav`मध्ये दिसतील, पण तबल्याला चिकटलेले, वेगळे होणार नाहीत. तुझं नशीब हे की क्लिपचे पहिले सहा सेकंद गाणं सुरू व्हायच्या आधीचे आहेत, नुसते ठोके. मी मोजले, अकरा स्वच्छ आहेत. ते कापून घे आणि जिथे हातोडा दिसतो तिथे फ्रेमवर बसव. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, त्यामुळे एका फ्रेमची चूक चालेल, तीनची डोळ्याला कळेल. एकच ठोका सगळीकडे चिकटवू नकोस, कान लगेच पकडतो. आळीतल्यांचा तर पकडणारच. हंड्याच्या बुडावरचा ठोका आणि काठावरचा ठोका त्यांना झोपेत ओळखता येतो.

त्याच सहा सेकंदांत दोन ठोक्यांमधली हवाही आहे. त्या खोलीचा घुमारा, बाहेरची एखादी स्कूटर. ती लांबवून संपूर्ण क्लिपखाली बारीक पसर. गेट लावून तू काकांच्या वाक्यांमधल्या जागा ठार शून्य केल्यास, त्यामुळे प्रत्येक वाक्य विहिरीतून वर आल्यासारखं वाटतं. गेट काढ. जिथे तबल्याचं भूत फारच नाचतं तेवढी फट हाताने १० डेसिबल खाली घे, श्वास मात्र सोड. खाली हवा असली की फट दिसत नाही.

तिसरी गोष्ट १:५२ला आहे आणि तिला इलाज नाही. गाण्यातल्या बाईंचा आलाप नेमका काकांच्या ‘माझ्या पोराला हे नको’वर येतो. यंत्राच्या लेखी दोन्ही गळेच, म्हणून दोघंही एकाच फाइलमध्ये आलेत. तिथे तू एक अख्खा दिवस घालवलास, असं लिहिलंयस. माहितीये मला, वाक्य सगळ्यात चांगलं तेच आहे. तरी तिथून काकांचा आवाज निघणार नाही. एक तर वाक्य काप आणि तिथे हात आणि ठोके दाखव, नाही तर आळीत जाऊन त्यांना तेच परत विचार. त्यांना चालणार असेल तरच. असलं वाक्य माणूस दोनदा तसंच बोलत नाही.

आता नवं संगीत. तू सतार-तबल्याचा जो तुकडा पाठवलास तो छान आहे, आणि इथे चालणार नाही. काकांच्या आवाजात जुन्या तबल्याचे हेलकावे उरलेत, प्रत्येक थापेला आवाज किंचित बसतो. त्यावर वेगळ्या लयीचा तबला घातलास की दोन्ही लयी एकमेकींचे पाय ओढतील. तालाचं वाद्यच नको, ताल हातोड्याचा आहेच. नुसता तानपुरा घे, फार तर एखादं सारंगीसारखं लांब सुरांचं वाद्य, तेही काका बोलत नसताना. आणि पट्टी जुन्या गाण्याचीच ठेव. मी पेटीवर लावून बघितलं, काळी दोन आहे. उरलेली बासरी त्या सुरांतलीच आहे, तानपुरा काळी दोनचा लावलास की ती त्याचाच भाग वाटेल. पांढरी चारचा लावलास की तीच बासरी बेसूर होऊन वर येईल, आणि तू पुन्हा डेमक्सकडे धावशील.

एवढं करूनही बारीक काही राहील. चौथ्या वाक्यानंतर बासरीची एक शेपटी आहे, ती मलाही ऐकू येते. सोलोवर.

गुरुवारपर्यंत तानपुरा घातलेला पूर्ण मिक्स पाठव, `vocals.wav` पाठवलीस तर उघडणार नाही. आणि आळीत जाणारच असशील तर सकाळी जा, रेकॉर्डर काकांपासून दोन हातांवर ठेव, आणि कुणी काही न बोलता पाच मिनिटं नुसते ठोके घेऊन ये.