माध्यमातल्या विद्युतचुंबकीय लहरीचा वेग काढताना आधी वारंवारता बघा

मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवरच्या व्हीएचएफ सेटचंच उदाहरण घ्या. चॅनल 16 म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ; हवेत पाव तरंगलांबी साधारण 48 सेंमी. पण त्याच मापाने केबलचा पाव तरंगलांबीचा तुकडा कापलात तर फसाल. केबलमध्ये लहर हवेपेक्षा हळू चालते. आतलं इन्सुलेशन भरीव पॉलिथिनचं असेल तर त्याचा सापेक्ष परावैद्युतांक εr सुमारे 2.25.

लहरीच्या वेगाचं सूत्र v = 1/√(με); μ ही माध्यमाची चुंबकीय पारगम्यता, ε ही विद्युत पारगम्यता. पॉलिथिन चुंबकीय नाही, μr = 1 धरा. मग अपवर्तनांक n = √(μr εr) = √2.25 = 1.5, वेग 2 × 10⁸ मी/से. आणि तुकडा 48 ÷ 1.5 = 32 सेंमी. फोमवाल्या केबलचा εr कमी असतो, तिथे हा आकडा चालणार नाही.

नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे वर्गमूळ विसरणं. 2.25 नेच भागलंत तर उत्तर 21 सेंमी येईल.

दुसरी चूक जरा फसवी. पुस्तकात पाण्याचा εr 80 दिसतो, वर्गमूळ येतं जवळजवळ 9. मग विहिरीत बुडवलेली काठी 1.33 च्या हिशोबाने वाकडी का दिसते? 80 हा आकडा कमी वारंवारतेचा. तिथे पाण्याचे रेणू क्षेत्राबरोबर वळतात. प्रकाशाच्या वेगवान कंपनांना ते पुरे पडत नाहीत, फक्त इलेक्ट्रॉन साथ देतात, म्हणून तिथे εr उरतो 1.77. व्हीएचएफला गोड्या पाण्यात 9 च बरोबर.

खाडीच्या खाऱ्या पाण्याला मात्र हे सूत्र लावूच नका. ते वीज वाहतं, लहर आत शिरताच विरते.