एस्प्रेसो मशीन दर महिन्याला डिस्केल करायला सांगतात, खरंच लागतं का? आणि बॅकफ्लश किती दिवसांनी करायचा?

वाशीत तरी दर महिन्याला डिस्केल करायची काही गरज नाही. इथे नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं, ते मऊ असतं. माझ्या भाऊजींना हे कितीदा सांगितलं! त्यांची कॉफी खवट लागायला लागली, तर सर्व्हिसवाला "क्षार साचलेत" म्हणून डिस्केल करून पैसे घेऊन गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. चव होती तशीच. मी म्हणायचो, क्षार साचले की पाण्याची धार बारीक होते, वाफेचा जोर जातो; खवटपणा येतो तो कॉफीच्या तेलाने. "तो रोज मशिनं उघडतो, तुला काय कळतं?" हे त्यांचं उत्तर.

शेवटी एका रविवारी मशीन गार असताना मीच कॉफीवर पाणी सोडणाऱ्या वरच्या जाळीचा मधला स्क्रू काढला. जाळीमागे काळा चिकट थर, बोटाला लागला की पुसता पुसत नव्हता आणि वास थेट जुन्या तळणीच्या तेलाचा. शॉट थांबला की आतला दाब थ्री-वे व्हॉल्व्हमधून ट्रेमध्ये सुटतो आणि त्याबरोबर तेल आणि बारीक चोथा उलटा वर ओढला जातो. सायट्रिक अॅसिड क्षार विरघळवतं, हे तेल नाही. त्याला एस्प्रेसो मशीनची क्लीनिंग पावडरच लागते.

जाळी पावडरच्या गरम पाण्यात भिजवली. मग बिनभोकाच्या बास्केटमध्ये अर्धा चमचा पावडर टाकून पंप दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं पाच वेळा केलं; हाच बॅकफ्लश. पहिल्यांदा ट्रेमध्ये चहासारखं तपकिरी पाणी आलं. नंतर पावडर न घालता तेवढ्याच वेळा, फेस जाईपर्यंत. त्यानंतरच्या कपात खवटपणा नव्हता. भाऊजी दोन घोट घेऊन गप्प बसले.

घरी रोज दोन-तीन कप होत असतील, तर साध्या पाण्याचा बॅकफ्लश रोज आणि पावडरचा पंधरा दिवसांनी पुरे. कॅफेत पावडरचा रोज रात्री. मात्र शॉट थांबवल्यावर ट्रेमध्ये फुस्सकन पाणी सुटत नसेल, तर तुमच्या मशिनला तो व्हॉल्व्ह नाही. तिथे बॅकफ्लश करूच नका, दाबाला वाट मिळत नाही. लीव्हरवाल्या ई६१ ग्रुपला पावडर महिन्यातून एकदाच, नाहीतर आतलं ग्रीस धुऊन जातं आणि लीव्हर कुरकुरतो.

आणि हो, घोडबंदर रोडला टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल तर डिस्केलिंग खरंच लागेल, दोन-तीन महिन्यांनीसुद्धा. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतोय का, ते बघा. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो कठीणपणा मोजत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी हार्डनेसची टेस्ट किट आणा. व्हिनेगर मात्र टाकू नका, वास जाता जात नाही. बॉयलर अॅल्युमिनियमचा असेल, तर मशिनच्या पुस्तिकेत सांगितलेलंच डिस्केलर वापरा.